बारा महिन्यांत दिवाळी किती?

तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानात गल्ल्यामागे एक जाड वही असते. रोजचा गल्ला रोजमेळात लिहिला जातो आणि महिना संपला की त्याची बेरीज या वहीच्या एका पानावर चढते. डावीकडे जानेवारी ते डिसेंबर, वर एकेक साल, तळाशी वर्षाची एकूण. मालक या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो आणि शहरात शिकणाऱ्या मुलीला पाठवतो. खाली दोन ओळी असतात: ‘धंदा वाढतोय का, बघ. आणि दिवाळीचा माल किती भरायचा तेही सांग.’

दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पानावरच्या छत्तीस आकड्यांत आहेत, पण एकमेकांत मिसळलेली. पहिला प्रश्न कलाचा आहे: चढउतार बाजूला ठेवले तर विक्री वर जातेय की खाली? दुसरा प्रश्न हंगामाचा: वर्षातला कोणता महिना इतरांपेक्षा किती उंच किंवा किती खोल असतो? हे दोन धागे सुटे करण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. आधी चल सरासरी, म्हणजे ज्याला मूव्हिंग ॲव्हरेज म्हणतात ती काढायची आणि मग प्रत्येक महिन्याची विक्री त्या सरासरीच्या किती टक्के आहे ते पाहायचं. अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेत काम करणाऱ्या फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९२० च्या दशकात ही रीत घडवली. पुढे तिथल्या जनगणना खात्याने ती संगणकावर आणली आणि आज जगभरच्या सरकारी आकडेवारीतून हंगाम वेगळा काढताना तिचेच सुधारलेले अवतार वापरले जातात.

आपल्याकडे मात्र ही रीत एका ठिकाणी ठेचकाळते. वही इंग्रजी महिन्यांनी चालते आणि गिऱ्हाईक तिथीने.

पुढच्या तक्त्यातले आकडे ही गोष्ट समजावी म्हणून रचलेले आहेत. सणांच्या तारखा मात्र पंचांगातल्या, खऱ्या आहेत. विक्री हजार रुपयांत आहे.

| महिना | २०२२ | २०२३ | २०२४ |
|---|---|---|---|
| जानेवारी | २१० | २२५ | २४५ |
| फेब्रुवारी | २२० | २४० | २६० |
| मार्च | २३० | २९० | २६५ |
| एप्रिल | ३१० | ३१० | ३५० |
| मे | ३४० | ३६० | ३५० |
| जून | २०० | २२० | २२० |
| जुलै | १७० | १७० | २०० |
| ऑगस्ट | २२० | २०० | २६० |
| सप्टेंबर | १६० | २३० | २३० |
| ऑक्टोबर | ५२० | २९० | ५७० |
| नोव्हेंबर | २४० | ५०० | ३०० |
| डिसेंबर | २४० | २६५ | २९० |
| एकूण | ३०६० | ३३०० | ३५४० |

फोटोतून तक्ता उतरवताना

फोटोवरून आकडे टंकायचे तर ते हाताने टंका, नाहीतर मोबाइलमधल्या एक्सेलला फोटोवरून तक्ता ओळखायला सांगा. चूक दोन्हीकडे होते. वहीची घडी जिथे येते तिथली ओळ वाकडी दिसते, ट्यूबलाइटचा चट्टा एखाद्या घरावर पडतो आणि घाईत लिहिलेला 3 हा 8 सारखा, 1 हा 7 सारखा वाचला जातो. कोपऱ्यात लिहिलेलं ‘हजारांत’ फोटोच्या चौकटीबाहेर राहिलं तर सगळा तक्ताच हजार पटीने लहान होतो.

यावरची तपासणी वहीतच असते. मालकाने तळाशी लिहिलेली वर्षाची एकूण ही फोटो काढण्याच्या कितीतरी आधी केलेली आहे, म्हणून ती साक्षीदार म्हणून चालते. उतरवलेल्या बारा आकड्यांची बेरीज करून ती तळाच्या आकड्याशी ताडायची. समजा, मे २०२३ चे ३६० हे ८६० असे वाचले गेले. बेरीज ३३०० ऐवजी ३८०० येईल. फरक नेमका ५०० चा, म्हणजे शतकाच्या घरात 3 चा 8 झालेला शोधायचा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे पडलेले असतात. ५२० चे २५० झाले की फरक २७० येतो, नवाच्या पाढ्यातला. जुने मुनीम ही खूण वापरत आले आहेत.

बेरीज जुळली की तक्त्याचा आकार बदलायचा. वहीत सालं शेजारी शेजारी असतात, कारण माणसाला दोन वर्षांचा तोच महिना ताडून पाहायचा असतो. चल सरासरीला मात्र सलग काळ लागतो. डिसेंबर २०२२ च्या लगेच खाली जानेवारी २०२३ यायला हवा. म्हणून तीन उभ्या रांगा एकाखाली एक लावून छत्तीस ओळींची एकच रांग करायची. हे न करता शेजारच्या घरांवर सूत्र ओढलं तर २०२२, २०२३ आणि २०२४ च्या जानेवारींची सरासरी निघते. ती दिसते ठीक, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही.

सरासरी बाराचीच का

चल सरासरी म्हणजे ठरावीक रुंदीची एक खिडकी. ती आकड्यांच्या रांगेवर ठेवायची, आत दिसतात त्यांची सरासरी लिहायची, मग खिडकी एक घर पुढे सरकवायची. एक नवा महिना आत येतो, एक जुना बाहेर पडतो.

खिडकी किती रुंद ठेवायची हाच खरा निर्णय. तीन महिन्यांची घेतली तर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर २०२२ यांची सरासरी ३०७ येते आणि जून, जुलै, ऑगस्टची १९७. म्हणजे दिवाळीचा उंचवटा आणि पावसाळ्यातली मंदी दोन्ही तशीच राहिली, फक्त कडा थोड्या बोथट झाल्या. हंगाम पुसायचा असेल तर खिडकीत प्रत्येक महिना एकदाच आणि नक्की एकदा यायला हवा. म्हणजे रुंदी बाराच. जानेवारी ते डिसेंबर २०२२ ची सरासरी २५५. एक घर पुढे सरकलं की २१० चा जुना जानेवारी गेला, २२५ चा नवा आला, बेरीज पंधराने वाढून ३०७५ झाली. लग्नसराई असो, आषाढ असो, खिडकीत दोन्ही कायम असतात. बदलतं ते एवढंच, की गेल्या साली त्या महिन्यात किती होतं आणि यंदा किती आहे.

एक किरकोळ अडचण उरते. बारा ही सम संख्या आहे, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर या खिडकीचा मध्य जून आणि जुलैच्या सांध्यावर पडतो, कोणत्याही एका महिन्यावर नाही. म्हणून लागोपाठच्या दोन खिडक्यांची सरासरी घेतात. विक्रीची रांग B2 पासून खाली असेल तर जुलै २०२२ च्या समोर, म्हणजे आठव्या ओळीत, हे सूत्र येतं आणि तिथून ते खाली ओढायचं:

```
=(SUM(B2:B13)+SUM(B3:B14))/24
```

जुलै २०२२ साठी उत्तर येतं २५५.६. याला मध्यस्थ चल सरासरी म्हणू. तिची किंमतही मोजावी लागते. सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने तिला मिळत नाहीत, कारण त्यांच्या एका बाजूला पुरेसे आकडे नसतात. छत्तीस महिन्यांतून चोवीसच सरासऱ्या हाती लागतात. दुकानदाराला आजची स्थिती हवी असते, म्हणून तो बहुतेकदा ‘मागच्या बारा महिन्यांची’ सरासरी बघतो. त्याला हरकत नाही, फक्त ती सरासरी आजची नसून सुमारे सहा महिन्यांपूर्वीच्या मध्यबिंदूची आहे हे ध्यानात ठेवायचं.

एका महिन्याचा खड्डा

आता मागच्या बारा महिन्यांची ही सरासरी तक्त्यावरून चालवू. डिसेंबर २०२२ ला ती २५५ आहे. पुढे हळूहळू चढत सप्टेंबर २०२३ ला २७० वर येते. तोवर सगळं सुरळीत. ऑक्टोबर २०२३ ला मात्र ती एकदम २५१ वर कोसळते आणि नोव्हेंबरात पुन्हा २७३. वर्षभराने उलटा प्रकार: सप्टेंबर २०२४ ला २८६, ऑक्टोबरला थेट ३१०, नोव्हेंबरात परत २९३.

हंगाम पुसून टाकण्यासाठी काढलेल्या सरासरीत हा खड्डा आणि हा उंचवटा कुठून आला? पंचांग उघडलं की उलगडा होतो. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. ऑक्टोबर २०२३ ला संपणारी खिडकी नोव्हेंबर २०२२ ला सुरू होते. गेली दिवाळी तिच्या आधी होऊन गेली आणि पुढची अजून यायची आहे. पूर्ण बारा महिने आहेत, पण त्यांत दिवाळी एकही नाही. उलट ऑक्टोबर २०२४ ला संपणाऱ्या खिडकीत २०२३ ची नोव्हेंबरातली दिवाळी आहेच, आणि २०२४ ची खरेदीही. १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाची खरेदी लोकांनी ऑक्टोबरातच उरकलेली असते. म्हणजे एका खिडकीत दोन दिवाळ्या.

दोष सरासरीचा नाही. ‘प्रत्येक महिना नक्की एकदा’ हे तिचं वचन तिने पाळलं. आपल्याला हवा होता प्रत्येक सण नक्की एकदा. २०२२ च्या लक्ष्मीपूजनापासून २०२३ च्या लक्ष्मीपूजनापर्यंत ३८४ दिवस झाले, कारण मध्ये अधिक श्रावण होता. तिथून पुढचं लक्ष्मीपूजन ३५५ दिवसांनी आलं. ३६५ दिवसांच्या खिडकीत असं वर्ष कधी मावत नाही, कधी त्याहून जास्त मावतं.

साध्या तुलनेत ही गफलत आणखी ठळक होते. ऑक्टोबर २०२२ च्या ५२० समोर ऑक्टोबर २०२३ चे २९० ठेवले तर विक्री ४४ टक्क्यांनी घटली असं वाटतं. नोव्हेंबर ताडला तर दुपटीहून वाढली असं वाटतं. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. वाहन विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ सणाच्या काळाची विक्री सांगताना नवरात्रापासूनचे ४२ दिवस मोजते आणि आदल्या वर्षीच्या तशाच ४२ दिवसांशी ताडते, ते याचसाठी.

हा खड्डा पंचांगाचा की फोटोतल्या चुकीचा, हे त्याच्या रुंदीवरून कळतं. मे २०२३ चे ३६० हे ८६० वाचले गेले आणि बेरीज कुणी तपासली नाही, असं धरू. बाराची सरासरी मे २०२३ ला ४२ ने उसळेल आणि वर्षभर तशीच उंच राहील. तो चुकीचा महिना मे २०२४ मध्ये खिडकीबाहेर पडला की सरासरी तेवढीच खाली येईल. इथे खरी वाढ वर्षाला वीसची आहे, म्हणजे एका अंकाने दोन वर्षांची खोटी प्रगती दाखवली. बरोब्बर बारा महिने रुंद, दोन्ही कडा उभ्या असलेला चौथरा किंवा खड्डा दिसला तर फोटोकडे परत जायचं. तिथे चूक सापडली नाही तर त्या महिन्यात खरंच काही अवचित घडलं होतं का, हे मालकाला विचारायचं. एकाच महिन्याचा खड्डा पडून पुढच्या महिन्यात भरून निघाला, आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास असला, तर पंचांग बघायचं.

हंगाम मोजायला गेलं की

कल मिळाल्यावर हंगाम काढणं एका भागाकाराचं काम आहे. महिन्याची विक्री भागिले त्या महिन्याची मध्यस्थ चल सरासरी, गुणिले शंभर. जुलै २०२२ मध्ये १७० भागिले २५५.६, म्हणजे ६७. जुलैत विक्री सरासरीच्या दोन तृतीयांशावर येते. जुलै २०२३ ला हाच आकडा ६२. दोन्ही वर्षांची उत्तरं जवळपास आहेत, म्हणून ‘जुलै साधारण ६५’ असं म्हणता येतं. वजाबाकीऐवजी भागाकार घेण्याचं कारण सरळ आहे. दुकान वाढलं की दिवाळीची उसळीही त्याच प्रमाणात वाढते, ती ठरावीक रुपयांची राहत नाही.

ऑक्टोबरला मात्र २०२२ चं गुणोत्तर १९८ आणि २०२३ चं १०४. नोव्हेंबरचं अनुक्रमे ९१ आणि १७९. पुस्तकी रीत सांगते, दोन्हींची सरासरी घ्या: ऑक्टोबर १५१, नोव्हेंबर १३५. कागदावर हे आकडे शहाणे वाटतात, पण असा ऑक्टोबर या दुकानाने २०२२ मध्ये पाहिला नाही आणि २०२३ मध्येही नाही.

याची किंमत रुपयांत काढू. २०२४ च्या अखेरीला बसून २०२५ चा अंदाज करायचा आहे. सरासरी वर्षाला वीसने चढते आहे, त्या चालीने ऑक्टोबर २०२५ ला ती ३२१ च्या आसपास असेल. पुस्तकी १५१ टक्के लावले की ऑक्टोबरची विक्री ४ लाख ८५ हजार आणि त्याच हिशेबाने नोव्हेंबरची ४ लाख ३५ हजार येते. पण २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे जवळजवळ २०२२ सारखं. २०२२ ची गुणोत्तरं लावली तर ऑक्टोबर ६ लाख ३५ हजार आणि नोव्हेंबर २ लाख ९४ हजार. दोन्ही अंदाजांत दोन महिन्यांची बेरीज सव्वानऊ लाखांच्या आसपासच आहे. फरक वाटणीचा. पुस्तकी अंदाजाने चालणाऱ्या दुकानात ऐन दिवाळीत दीड लाखाचा माल कमी पडेल, आणि भाऊबीज उलटल्यावर जवळपास तेवढाच माल कपाटात पडून राहील.

दिवाळी सरकल्याचा परिणाम दुरवरच्या महिन्यांवरही होतो. मे २०२३ ची मध्यस्थ सरासरी काढताना वापरलेल्या दोन खिडक्यांपैकी एक तीच, बिनदिवाळीची. त्यामुळे सरासरी कमी येते आणि मेचं गुणोत्तर फुगून १३७ होतं. मे २०२४ च्या एका खिडकीत दोन दिवाळ्या आहेत, तिथे ते दबून ११६ होतं. बघणाऱ्याला वाटतं, लग्नाची खरेदी एका वर्षात पार आटली. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे विवाहमुहूर्त कमी होते, त्यामुळे थोडी घट खरी असेलही. पण दिसणाऱ्या घटीतला मोठा भाग सहा महिने दूरच्या दिवाळीने पाडलेला आहे.

जोडमहिना

यावरचा उपाय त्याच वहीवर होतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र करा. तिन्ही वर्षांच्या जोडबेरजा ७६०, ७९० आणि ८७० येतात. वर्षाच्या विक्रीतला त्यांचा वाटा २५, २४ आणि २५ टक्के. सुटे महिने एवढे नाचत होते आणि जोड जवळजवळ जागची हलत नाही. लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकतं, त्यामुळे या दोन महिन्यांच्या बाहेर दिवाळी जात नाही.

कल काढताना जोडबेरीज दोन महिन्यांत निम्मी निम्मी वाटून टाकायची. २०२२ ला ३८० आणि ३८०, २०२३ ला ३९५ आणि ३९५, २०२४ ला ४३५ आणि ४३५. हे वाटप फक्त सरासरीपुरतं, मूळ आकडे शेजारच्या रांगेत जसेच्या तसे ठेवायचे. आता मागच्या बारा महिन्यांची सरासरी ऑक्टोबर २०२३ ला २५१ ऐवजी २७२ येते आणि ऑक्टोबर २०२४ ला ३१० ऐवजी २९०. खड्डाही गेला, उंचवटाही गेला. उरली ती वर्षाला वीस हजारांची शांत चढण. मेची गुणोत्तरंही १३७ आणि ११६ वरून १३२ आणि १२० वर येतात. मालकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच: धंदा वाढतोय, मध्ये कुठेही कोसळलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी जोडबेरजेचा अंदाज आधी करायचा आणि मग ती दोन महिन्यांत कशी वाटायची ते तारखेवरून ठरवायचं. २४ ऑक्टोबरच्या दिवाळीत ऑक्टोबरचा वाटा ६८ टक्के होता, १ नोव्हेंबरच्या दिवाळीत ६६ टक्के आणि १२ नोव्हेंबरच्या दिवाळीत ३७ टक्के. पहिल्या दोन तारखा वेगळ्या महिन्यांतल्या असूनही वाटा जवळपास सारखा आहे. कापडाच्या दुकानाला लक्ष्मीपूजनाच्या दिवसापेक्षा त्याआधीचे दोन आठवडे महत्त्वाचे असतात. ते आठवडे कोणत्या महिन्यात पडतात हे बघायचं. मिठाईवाल्याला ही मोजणी अगदी शेवटच्या आठवड्यावर करावी लागेल, फराळाचा किराणा विकणाऱ्याला थोडी आधीपासून.

मार्च-एप्रिलची जोडीही अशीच करता येते. गुढीपाडवा २०२२ मध्ये २ एप्रिलला, २०२३ मध्ये २२ मार्चला आणि २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता. तक्त्यातला २०२३ चा मार्च उंच का, याचं कारण हेच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती सरकतात: २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर. त्यांच्या मागून येणारा पितृपक्ष कधी पूर्ण सप्टेंबरात पडतो, कधी ऑक्टोबरच्या पूर्वार्धात घुसतो, आणि त्या पंधरवड्यात नव्या कपड्यांची खरेदी बरेच जण टाळतात. मात्र सगळेच महिने जोडत सुटायचं नाही. जून, जुलै, डिसेंबर, जानेवारी यांचा हंगाम बऱ्याच अंशी इंग्रजी महिन्यांना धरून असतो, तिथे साधी रीत नीट चालते.

रोजमेळ हाताशी असेल तर याहून नेमकं काम होतं. लक्ष्मीपूजनाआधीच्या तीस दिवसांची विक्री दरवर्षी थेट मोजायची आणि ती दिवाळीची विक्री म्हणून वेगळी लिहायची. इंग्रजी महिन्याच्या सीमेचा प्रश्नच मिटतो. फोटोतल्या मासिक पानावरून हे होत नाही. महिन्याची एकूण एकदा लिहिली की तिच्यातले दिवस परत सुटे करता येत नाहीत.

तीन वर्षांवर किती भिस्त ठेवावी

तीन वर्षांच्या तक्त्यातून प्रत्येक महिन्याला मध्यस्थ सरासरीवरची दोनच गुणोत्तरं मिळतात. दोनांच्या सरासरीला कसोटी म्हणता येत नाही, अंदाज म्हणता येतो. पाच-सहा वर्षांची पानं मिळाली तर ऑक्टोबरातल्या आणि नोव्हेंबरातल्या दिवाळ्यांचे वेगळे गट करता येतात. मागे जाताना २०२० मात्र वगळावं. टाळेबंदीतला एप्रिल हा लग्नसराईचा एप्रिल नव्हता, आणि तो एक महिना खिडकीत असेपर्यंत वर्षभराची सरासरी खाली ओढतो.

दुसरं, विक्री रुपयांत लिहिलेली आहे. साडीची किंमत वाढली आणि साड्या तेवढ्याच विकल्या तरी सरासरी चढते. धंदा खरंच वाढला का हे नक्की करायचं असेल तर नगांची किंवा निदान बिलांची संख्या शेजारी असायला हवी.

तिसरं, चल सरासरी वळण उशिरा दाखवते. विक्री आज घसरू लागली तर बाराच्या सरासरीत ती घसरण दिसायला काही महिने जातात. तोवर यंदाचा जून गेल्या जूनशी ताडून पाहणं जास्त कामाचं. जूनला सणाच्या तारखांचा त्रास फारसा नाही.

हे सगळं करून पाहायचं असेल तर वहीच्या त्या पानावर आजच एक रांग वाढवा. प्रत्येक सालाखाली लक्ष्मीपूजन, गुढीपाडवा आणि गणेश चतुर्थीची तारीख लिहा, अधिक महिना असेल तर त्याचीही नोंद करा, आणि फोटो काढताना ही रांग चौकटीत घ्या. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात लग्नं होत नाहीत, मात्र जावयाच्या वाणासाठी कापडाची खरेदी होते, त्यामुळे त्या वर्षीचा मे मागच्या मेंसारखा धरू नका. त्याच वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळीचा माल भरताना २०२५ चं पान बघू नका, २०२३ चं बघा आणि ऑक्टोबरच्या पदरात त्याहून थोडं जास्त टाका.